आवळा सी व्हिटॅमिनची गोळी वाचवतो, लोहाची नाही

“औषधाच्या दुकानात पैसे घालवू नका. रोज एक आवळा, वाटीभर मोडाची मटकी, मूठभर शेंगदाणे-बदाम आणि पेलाभर दूध घ्या. सी व्हिटॅमिन, कॅल्शियम, बी-१२, लोह सगळं मिळतं. गरोदर बाईलाही गोळी लागत नाही.”

असा सल्ला वाचायला मिळतो. त्यातलं सी व्हिटॅमिनचं म्हणणं बरोबर आहे. मोठ्या माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम आहे आणि एक मध्यम ताजा आवळा तेवढं सहज देतो. निरोगी माणसानं ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. म्हणजे हा खर्च खरंच वाचतो. मात्र आवळा कच्चा हवा. शिजवलेल्या मोरावळ्यात आणि उन्हात वाळवलेल्या आवळा-सुपारीत सी व्हिटॅमिन बरंच घटतं. थंडी सरली की ताजा आवळा मिळणं कठीण होतं, तेव्हा पेरू किंवा लिंबू चालतं.

कॅल्शियमचं अर्धं खरं आहे. पाव लिटर दुधातून साधारण ३०० मिलिग्रॅम मिळतं आणि गरज हजाराची आहे. दुपारी वाटीभर दही, भाकरीसोबत तिळाची चटणी, कधी नाचणी असं जोडत गेलं की धडधाकट माणसाचं गोळीवाचून भागू शकतं.

बी-१२ आवळा, मटकी, शेंगदाणे, बदाम यांत नसतंच. ते दुधात आहे, पण पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम येतं आणि गरज दोन ते अडीचची आहे. वारंवार उकळलेल्या दुधात ते आणखी कमी होतं. अंडी-मटण न खाणारा, त्यातही मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारा माणूस असेल आणि त्याच्या तळपायांना मुंग्या येत असतील, तर त्यानं पेला वाढवत बसू नये, रक्तातलं बी-१२ तपासून घ्यावं.

खरा धोका लोहाच्या वाक्यात आहे, कारण ते वाचून घरातली मोठी माणसं सुनेच्या गोळ्या बंद करतात. म्हणून त्याचा हिशोब नीट मांडते.

समजा, सोलापुरात विडी वळणारी एक बाई पाचव्या महिन्यात आहे आणि तिचं हिमोग्लोबिन ९.२ आहे. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, ७ च्या खाली गेलं तर तो तीव्र. आता या चार वस्तू तिला किती लोह देतात ते पाहू. वाटीभर मोडाची मटकी म्हणजे मूळची ३० ग्रॅम कोरडी मटकी, त्यातून अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. मूठभर शेंगदाणे-बदामांतून दीड. आवळ्यातून अर्धा. दुधात लोह जवळजवळ नाहीच. बेरीज साडेचार होते. गरोदर बाईला आहारातून रोज २७ मिलिग्रॅम लागतं.

तिच्या ताटात ज्वारीच्या तीन भाकरी, आमटी, शेंगा चटणी आणि मेथीची भाजीही आहे, हे मी धरते आहे. ज्वारीत लोह चांगलं असतं, तीन भाकऱ्यांतून सहा मिलिग्रॅमच्या आसपास येतं. सगळं धरलं तरी दिवसाचा आकडा पंधराच्या आगेमागेच राहतो, तोही पोटात गेलेल्या लोहाचा. धान्य-कडधान्यातल्या लोहाचे शंभरात पाच-दहाच भाग रक्तापर्यंत पोचतात, कारण त्यांच्यातलं फायटेट लोहाला धरून ठेवतं. पंधरातून फार तर दीड मिलिग्रॅम हाती लागतं. शेवटच्या महिन्यांत तिच्या शरीराला रोज चार ते सहा शोषून घ्यावं लागतं. वाढत्या बाळाला, वारेला आणि तिच्या स्वतःच्या वाढलेल्या रक्ताला मिळून पूर्ण गरोदरपणात जवळजवळ हजार मिलिग्रॅम लोह लागतं.

मोड आणल्यानं लोह दुप्पट होतं, हीही समजूत आहे. मोड येताना फायटेट थोडं कमी होतं आणि थोडं सी व्हिटॅमिन तयार होतं, म्हणून असलेलं लोह जरा बरं शोषलं जातं. पण नवं लोह कुठून येणार? वाटी भरलेली दिसते ती पाण्यानं. गरोदर बाईनं मोड कच्चे तर खाऊच नयेत. दमट फडक्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर झपाट्यानं. मटकी बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यावी. चांगली असेल तीही नीट शिजवूनच खावी.

सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ती गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस देतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला उपचार म्हणून रोज दोन सांगतात. आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडून या गोळ्या फुकट मिळतात. म्हणजे जी गोळी बंद करायला सांगितली जाते, तिच्यात वाचवायला पैसेच नाहीत.

मग आवळ्याचं काय? मला तर त्याचं मोल इथेच सगळ्यात जास्त वाटतं. सी व्हिटॅमिन वनस्पतीतल्या लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं, पण त्यासाठी दोन्ही एकाच वेळी पोटात असावी लागतात. सकाळी अनशापोटी आवळा आणि दुपारी मटकी असं केलं तर हा उपयोग हातचा जातो. शिजवलेल्या मटकीसोबत, भाकरीच्या घासाला कच्च्या आवळ्याची फोड घ्या, किंवा वरून लिंबू पिळा.

याच चार वस्तूंतलं दूध मात्र लोहाच्या आड येतं. दुधातलं कॅल्शियम आणि चहातलं टॅनिन लोहाचं शोषण रोखतं. जेवण झाल्याबरोबर चहा घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. तो तासाभरानं घ्यावा. गरोदरपणात कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. त्या आणि लोहाची गोळी यांत निदान दोन तासांचं अंतर हवं. सोपी रीत अशी: कॅल्शियम सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर, लोहाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर तासाभरानं, लिंबूपाण्यासोबत. दुधाचा पेला संध्याकाळी.

गोळ्या सुटतात त्या बहुतेक मळमळ, बद्धकोष्ठ आणि काळ्या शौचामुळे. काळं शौच हे लोहामुळेच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ फार असेल तर काही दिवस जेवणानंतर लगेच घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण गोळी चालू राहील. बद्धकोष्ठाला पाणी आणि पालेभाजी वाढवा.

महिन्याभरानं पुन्हा हिमोग्लोबिन तपासायचं. रोज नियमानं गोळी घेऊनही ते एक ग्रॅमनं वाढलं नसेल, तर आवळे वाढवून किंवा गोळीचं नाव बदलून भागणार नाही. पोटात जंत असू शकतात, बी-१२ कमी असू शकतं, थॅलेसेमियाचा अंश असू शकतो. साध्या रक्ततपासणीच्या कागदावर एमसीव्ही म्हणून एक आकडा असतो, तो तांबड्या रक्तपेशींचा सरासरी आकार सांगतो. लोहाच्या कमतरतेमुळे किंवा थॅलेसेमियामुळे तो ८० च्या खाली जातो, बी-१२ कमी असेल तर १०० च्या वर चढतो, आणि लोह व बी-१२ दोन्ही कमी असतील तर मधेच राहून फसवतो. तो कागद घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर महिनाभर वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात.