बसचा फोटो काढा, पण नंबर प्लेटचा

आमच्या गोरेगावच्या सोसायटीतली दोन कुटुंबं तुर्कस्तानला निघाली आहेत. इस्तंबूलहून रात्रीच्या बसने कपाडोक्याला. ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडतोय, आणि त्यातला सगळ्यात जास्त अंगठे मिळालेला सल्ला असा : थांब्यावर उतरलात की बसचा फोटो काढून ठेवा. माझं मत विचाराल तर तसा फोटो बहुतेक वेळा कुचकामी ठरतो.

का ते सांगतो. इस्तंबूलच्या एसेनलर बस टर्मिनलवरून संध्याकाळनंतर लांबच्या गाड्या एकामागोमाग एक सुटतात. एकाच कंपनीची एक गाडी कायसेरीला, दुसरी अडानाला, तिसरी अंकाराला. सुरुवातीचा रस्ता तिघींचा एकच, आणि मध्यरात्रीनंतर बोलूच्या डोंगराळ पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या थांब्यावर त्या शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात. रंग तोच, नाव तेच, पडदेसुद्धा तेच. तुम्ही बाजूने काढलेला सुंदर फोटो या तिन्ही गाड्यांचा आहे!

फोटो समोरून हवा. एकाच चौकटीत नंबर प्लेट आणि काचेमागची पाटी, दोन्ही वाचता येतील असा. प्लेटवरचे पहिले दोन आकडे प्रांताचे असतात, ३४ म्हणजे इस्तंबूल, ०६ म्हणजे अंकारा. गाडीची नोंदणी कुठली तेवढंच त्यातून कळतं, ती चालली कुठे ते नाही. शिवाय त्या आवारात ३४ वाल्या ढीगभर असतात. म्हणून त्यापुढची अक्षरं आणि शेवटचे आकडे पाठ करायचे.

पाटीचीही एक गंमत आहे. तुमच्या तिकिटावर गोरेमे, म्हणजे कपाडोक्यातलं तुमचं उतरायचं गाव, लिहिलेलं असतं, पण पाटीवर गाडीचं शेवटचं ठिकाण असू शकतं, म्हणजे कायसेरी. लाउडस्पीकरवरची घोषणासुद्धा तशीच असते : अमुक कंपनीची, इस्तंबूलहून येऊन कायसेरीला जाणारी गाडी सुटते आहे. गोरेमे हा शब्द ऐकू येईल म्हणून चहा पीत बसलेला माणूस बसूनच राहतो. पनवेलच्या पुढे ढाब्यावर आपला क्लीनर ‘कोल्हापूर, कोल्हापूर’ ओरडत टेबलांमधून फिरतो आणि साताऱ्याचा माणूसही बरोबर उठतो, कारण साताऱ्याची गाडी पुढे कोल्हापूरला जाते हे त्याला ठाऊक असतं. तिथल्या रस्त्यावर आपल्याला ते ठाऊक नसतं. तेव्हा इस्तंबूललाच गाडीत चढताना शेवटचं ठिकाण विचारून घ्यावं.

आता वेळ. तिथे गाडीत एक मदतनीस असतो, त्याला मुआविन म्हणतात. तो ‘अर्धा तास’ सांगतो. अर्धा तास, पण कधीपासून? गाडी थांबल्यापासून की तुम्ही स्वेटर शोधून खाली उतरल्यापासून? त्याच्यासमोर मोबाइलचं घड्याळ धरायचं आणि सुटण्याची वेळ टाइप करून घ्यायची. गाडी १:१० ला थांबली आणि त्याने १:४० टाइप केलं, तर १:३० ला गाडीपाशी. मनगटावरचं घड्याळ अजून मुंबईच्या वेळेवर असेल तर त्याकडे बघूच नका, ते अडीच तास पुढे आहे.

आणि दहा मिनिटं आधी का, तर गाडी होती तिथे असेलच असं नाही. बऱ्याच थांब्यांवर तेवढ्या वेळात गाडी धुतात, डिझेल भरतात, मग ती दुसऱ्या ओळीत जाऊन उभी राहते. ‘पांढऱ्या खांबाजवळ’ ही खूण तिथे संपली. अशा वेळी गाड्यांच्या मधल्या बोळांतून फिरू नका, समोरच्या बाजूने प्लेटी वाचत जा. दारही आपल्यासारखं डाव्या अंगाला नसतं, तिकडे वाहतूक उजवीकडून असल्याने ते उजवीकडे. अर्धवट झोपेत माणूस बंद बाजूला जाऊन काच ठोठावतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुआविन माणसं मोजतो, पण त्या मोजणीवर विसंबू नये. कुणी मध्येच कायमचं उतरलेलं असतं, कुणी जागा बदललेली असते, कुणी पांघरुणाखाली गुडुप. शेजारच्या प्रवाशाला उतरताना हाताने खूण करून जावं, रिकाम्या सीटकडे बोट दाखवायला तोच उपयोगी पडतो. (आमच्या हिच्या शेजारच्या आजीबाईंनी तर ड्रायव्हरला दम दिला होता.)

खाली उतरताना पासपोर्ट, पैसे, फोन, औषधं आणि जाकीट अंगावर हवं. बोलूला रात्री चांगलंच गारठतं. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी ठेवा, पुष्कळ ठिकाणी पैसे घेतात.

आणि गाडी गेलीच, तर रस्त्यावर धावू नका. थेट घोषणा करणाऱ्या टेबलाशी किंवा गल्ल्यावर जा, प्लेटचा फोटो आणि तिकीट दाखवा. नंबर हातात असला की कंपनीला फोन करून नेमकी कोणती गाडी ते सांगता येतं, ती फार लांब गेली नसेल तर थांबवण्याची विनंती करता येते, नाहीतर त्याच कंपनीच्या मागच्या गाडीत जागा मागता येते आणि सामान पुढे उतरवून ठेवायला सांगता येतं. तिकीट ईमेलमध्ये आणि फोनला नेट नाही, असं होऊ नये म्हणून त्याचाही स्क्रीनशॉट निघण्यापूर्वीच काढून ठेवा.