पुढे हिरवं पान, मागे पीपीडी

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय.

शेजारच्या काकूंचे डोळे सकाळी उघडतच नव्हते. पापण्या टम्म सुजलेल्या, कपाळावर केसांच्या कडेने पुरळ, कानामागून पाणी झिरपतंय. परवा त्यांनी काळी मेहंदी लावली होती. पाकिटावर मोठं हिरवं पान, आवळा आणि भृंगराजाची चित्रं, 'हर्बल', 'शंभर टक्के नैसर्गिक'. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत वनस्पतींच्या नावांमागे दडलेलं एक नाव: पॅराफिनिलीनडायअमीन. म्हणजेच पीपीडी. "केमिकल नको म्हणून तर डाय सोडला गं," काकू म्हणत होत्या. डायमध्ये जे असतं तेच त्या पुन्हा डोक्याला लावत होत्या, फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मंडळी, मेहंदीने केस काळे होत नाहीत. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते केसातल्या केराटिनला धरून बसतं आणि पांढऱ्या केसावर केशरी ते तांबूस-तपकिरी रंग देतं. चहाच्या पाण्यात भिजवा, लोखंडी कढईत रात्रभर ठेवा, रंग थोडा गडद होईल, काळाभोर होणार नाही. अर्ध्या तासात पांढरा केस काळा झाला, तर बहुतेक वेळा ते काम पीपीडीचंच असतं. अशा पावडरीत सोबत बेरियम पेरॉक्साइड किंवा सोडियम परबोरेट घातलेलं असतं. पाणी पडलं की त्यातून ऑक्सिजन सुटतो, आणि केसाच्या आत शिरलेले पीपीडीचे बारके रेणू तिथेच एकमेकांना जोडून गडद रंग धरतात. रंगाच्या क्रीममध्येही हेच घडतं.

हो, पीपीडीला कायद्याने परवानगी आहे आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. मान्य. पण मग तसं ठळक लिहा ना! आपल्याकडे अशा डायवर सावधानतेची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही लेबलांवर छापायची असते. भुवयांना आणि पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, इतकं स्पष्ट त्यात असतं. काकूंच्या पाकिटावर मराठीचा एक शब्द नव्हता. ग्राहकाची दिशाभूल करणारा दावा सौंदर्यप्रसाधनावर करायला नियमांत मनाई आहे, तरी 'नैसर्गिक' हा शब्द ज्याला हवा तो छापतोय. संताप होतो तो याचा.

काकूंचा दुसरा प्रश्न होता, "इतकी वर्षं लावतेय, आत्ताच कसं झालं?" पीपीडीची ॲलर्जी अशीच येते. शरीर आधी ते ओळखायला शिकतं, तोवर बाहेर काही दिसत नाही. मग एखाद्या वेळी लावल्यावर एक-दोन दिवसांनी भडका उडतो. टाळूची कातडी जाड, म्हणून तिथे कमी आणि पापण्या, कान, मानेवर जास्त. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि भूल देणारी काही मलमं आणि कपड्यांचे काही रंगही चालेनासे होतात. म्हणून काकूंना सांगितलं, यापुढे प्रत्येक डॉक्टरला हे सांगायचं.

तुम्ही घरी काय बघाल? शुद्ध मेहंदीची पावडर हिरवट-खाकी असते आणि तिला वाळल्या गवतासारखा वास येतो. हातमोजे घालून चिमूटभर पावडर पाण्यात कालवा आणि ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. काही मिनिटांत डाग तपकिरी-काळा पडत गेला तर संशय घ्या. निळसर झाला तर निळीच्या झाडाच्या पानांची पावडर असू शकते. काहीच झालं नाही म्हणून ती पावडर शुद्धच, असं मात्र समजू नका.

वनस्पतींनीच केस काळे करायचे असतील तर दोन टप्पे लागतात. आधी नुसती मेहंदी दोन-तीन तास, साध्या पाण्याने धुवायची. मग निळीच्या पानांची पावडर कोमट पाण्यात कालवून, लिंबू न घालता, लगेच लावायची आणि तास-दीड तास ठेवायची. सुरुवातीला हिरवट झाक दिसेल, एक-दोन दिवसांत रंग गडद होतो. वेळ जातो, पसारा होतो, खरं आहे. आणि शुद्ध मेहंदीही सगळ्यांना निर्धोक नाही: तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या अंगाला ती लावली तर रक्तपेशी फुटू शकतात.

काळी मेहंदी वापरायचीच असेल तर कालवलेल्यातलं थोडं कानामागे लावा आणि वाळू द्या. चोवीस तासांनी धुवा, पण पुढचे दोन दिवसही त्या जागेवर लक्ष ठेवा, कारण पुरळ उशिरा उठतं. खाज किंवा लाली दिसली तर ते डोक्याला लावूच नका. पाकीट फेकू नका. बॅच नंबर आणि लायसन्स नंबर त्यावरच असतो, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच लागतो. काकूंचं पाकीट मी कचऱ्याच्या डब्यातून काढून घेतलंय. तक्रार उद्या जाईल.