आधी उत्तर सांगा ना!

"एक्सेलमध्ये 16 आकडी खाते क्रमांक टाकला की शेवटचा आकडा 0 होतो, काय करू?" ऑफिसातल्या मुलीने एवढंच विचारलं होतं. यादी संध्याकाळी पाठवायची होती, बिचारी घायकुतीला आली होती. आणि जाणकाराचं उत्तर सुरू कुठून? संगणक संख्या कशा साठवतो, इथून! मग जुन्या आवृत्त्या, मग स्वतःचे अनुभव. कामाची ओळ पार तळाशी, तीही कंसात.

तिने तेवढं वाचलंच नाही. मध्येच कुठेतरी Text हा शब्द दिसला, म्हणून भरलेल्या कॉलमचा फॉरमॅट बदलला आणि निश्चिंत झाली. शेवटचे 0 तसेच राहिले. यादी परत आली, सगळे क्रमांक पासबुकं काढून पुन्हा टाकावे लागले. माझा जीव तिळतिळ तुटला.

अहो, पहिलं वाक्य एवढंच हवं होतं: "क्रमांक टाकण्याआधी कॉलमचा फॉरमॅट Text करा, आधी टाकलेले पुन्हा टाका, गेलेला आकडा परत येत नाही." एखाददुसराच क्रमांक असेल तर आधी `'` टाकला तरी भागतं. कारण त्यानंतर सांगा, एका ओळीत: एक्सेल संख्येचे 15च आकडे जपतं, पुढच्यांचं शून्य करतं. ज्याला खोलात जायचंय तो पुढचं वाचेल. पण जिची बोटं कीबोर्डवर खोळंबलीत, तिला कशाला ताटकळत ठेवता?