2.94 की 2.48? स्क्रू गेजच्या फोटोवरचा एक फॉरवर्ड

“फोटोतल्या मापनाच्या प्रश्नाला डोकं लावू नका. लीस्ट काउंट दोन्ही उपकरणांना 0.01. मुख्य पट्टीवर शेवटची जी रेघ दिसते ती घ्या. झीरो एरर मायनस असेल तर वजा, प्लस असेल तर मिळवा. मार्क पक्के.”

प्रॅक्टिकल जवळ आली की हा मजकूर फिरायला लागतो. परवा परळला आमच्या लॅबमध्ये अकरावीच्या एका मुलीने तो दाखवला, सोबत तिने सोडवलेला प्रश्नही होता. तारेच्या व्यासाचे दोन फोटो, आणि तिचं उत्तर 2.94 मिमी. तार होती 2.48 मिमीची. तिने फॉरवर्ड अगदी इमानाने पाळला होता.

लीस्ट काउंटचं आधी उरकतो. स्क्रू गेजचा 0.01 असतो मिलिमीटरमध्ये आणि शाळेतल्या साध्या व्हर्निअरचा 0.01 असतो सेंटिमीटरमध्ये, म्हणजे 0.1 मिमी. आकडा सारखा दिसतो, माप दहापट वेगळं. शिवाय स्क्रू गेजचं तरी नक्की कुठे? पिच, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर, 0.5 मिमी आणि थिंबलवर, म्हणजे फिरणाऱ्या नळीवर, 50 भाग असतील तर 0.01 येतो, त्याच पिचला 100 भाग असतील तर 0.005. फोटोत आडव्या रेघेखाली अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा आहेत का आणि थिंबलवरचे आकडे कुठवर जातात, एवढं आधी पाहायचं.

खरा घात होतो तो ‘दिसते ती रेघ’ यात. तिच्या फोटोत 2 मिमीची खूण स्पष्ट होती आणि थिंबलच्या कडेला 2.5 ची खूण नुकती डोकावत होती. थिंबलवर आडव्या रेघेसमोर 46. तिने 2.5 अधिक 0.46 असं 2.96 केलं. पण 2.96 खरं असतं, तर थिंबलची कड 2.5 च्या खुणेपासून जवळजवळ अर्धा मिलिमीटर पुढे, 3 च्या अगदी तोंडाशी दिसायला हवी होती. इथे तर ती खुणेला चिकटून होती. म्हणजे 2.5 अजून यायचीय, चार भाग बाकी आहेत. वाचन 2.46.

मग रेघ दिसली का? कारण कोरलेल्या रेघेला जाडी असते, तिची एक कड आधी बाहेर येते. त्यात लॅबमधल्या जुन्या गेजची स्लीव्ह, म्हणजे मुख्य पट्टीची आतली नळी, कोणीतरी चावीने फिरवून शून्य जुळवलेलं असतं. तेव्हा आडवी रेघ सरकते, मिलिमीटरच्या खुणा होत्या तिथेच राहतात. म्हणून थिंबलवर पंचेचाळीसच्या पुढचा आकडा आणि रेघ नुकती दिसणारी, तर ती धरायची नाही. उलट थिंबलवर 1-2 असेल आणि रेघ लपल्यासारखी वाटली, तर ती धरायची.

आता झीरो एरर. दुसऱ्या फोटोत जबडे बंद होते आणि आडव्या रेघेसमोर 48 होता. थिंबलचा शून्य रेघेच्या वर गेलेला. हा एरर 0.48 नव्हे. कड शून्याच्या खुणेमागे गेली आहे, तेव्हा मोजणी मागच्या खुणेपासून करायची: −0.5 अधिक 0.48, म्हणजे −0.02 मिमी. रिकामं असतानाच उपकरण 0.02 कमी दाखवतंय, तर तारही 0.02 कमीच दाखवणार. तो तुटवडा भरून द्यायचा: 2.46 − (−0.02) = 2.48. फॉरवर्डने नेमका तो आणखी कापला. प्लस एररला उलट: उपकरण जास्त दाखवतं, म्हणून वजा.

व्हर्निअरला हीच मागच्या खुणेची रीत चालते. जबडे बंद, व्हर्निअरचा शून्य मुख्य शून्याच्या डावीकडे, आणि दहापैकी सातवी रेघ जुळलेली. मुलं सर्रास −0.7 लिहितात. मागची खूण −1 मिमी, तिच्यात सात भागांचे 0.7, म्हणून एरर −0.3 मिमी. सातवीच जुळते का अशी शंका असेल तर शेजारी बघा: सहावी तिच्या खुणेच्या किंचित उजवीकडे आणि आठवी किंचित डावीकडे, दोन्ही सातवीकडे झुकलेल्या दिसल्या पाहिजेत. एकच बाजू झुकलेली वाटली तर शेजारची रेघ तपासा.

या युक्तीने तिरप्या फोटोची चूक मात्र सापडत नाही. थिंबलचा पृष्ठभाग स्लीव्हपेक्षा उंच असतो, त्यामुळे कॅमेरा वरखाली झाला की आकडा एखाद-दोन भागांनी सरकतो. दोन्ही फोटो एकाच कोनातून असतील तर ही चूक दोन्हीकडे जवळपास सारखी येते आणि एरर वजा करताना बहुतेक निघून जाते. तिच्या प्रश्नात तसंच होतं. बंद जबड्यांचा फोटो वेगळ्या कोनातला असेल, तर शेवटच्या आकड्यावर फार विसंबू नका.