घरातल्या चपला घेताना आधी तळ उलटा करून बघा

सासूबाईंच्या टाचा दुखायला लागल्यापासून आमच्या घरी चपला या विषयावर बरीच चर्चा झाली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सकाळी उठून पहिली काही पावलं टाकताना टाचेत कळ येते, थोडं चाललं की ती कमी होते. डॉक्टरांनी सांगितलं, घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. आता प्रश्न असा की घरभर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. टाचेला आराम देणारी चपलच घसरली, तर टाचेवरून दुखणं थेट खुब्यावर जायचं.

दुकानात सगळे आधी चपलेत पाय घालून बघतात. मी आधी ती उलटी करते. गुळगुळीत टाइलवर पाणी सांडलं की फरशी आणि तळ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि पाय त्यावरून सटकतो. ते पाणी बाहेर पडायला तळाला कडेपर्यंत गेलेल्या खाचा लागतात. नुसती फुलाफुलांची उथळ नक्षी काही कामाची नाही. त्यातही टाचेखालचा भाग नीट बघा, कारण चालताना आधी टाच टेकते आणि बहुतेक वेळा घसरायला तिथूनच सुरुवात होते. बऱ्याच चपलांना पुढे छान खाचा असतात आणि टाचेखाली सपाट जागा सोडून तिथे कंपनीचं नाव कोरलेलं असतं!

दुसरं, तळात नख रुतवून बघा. रबर थोडं दबलं पाहिजे. कडक प्लॅस्टिकसारखा तळ ओल्या टाइलवर पकड धरत नाही. मी तर दुकानातल्याच टाइलवर बाटलीतलं थोडं पाणी टाकते, चपल त्यावर ठेवून टाचेच्या जागी हाताने दाब देते आणि पुढे ढकलते. दुकानदार हसतात, पण नंतर स्वतःच फडकं आणून देतात.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा. जी वयस्कर माणसं पाय घासत चालतात, त्यांना अति चिकट तळ नको. पाय उचलला जात नाही, तळ अडकतो आणि माणूस पुढे तोंडावर पडतो. त्यांच्यासाठी मध्यम पकडीची, हलकी, मागे पट्टा असलेली चपल बरी.

आता कमानीचा आधार. पाय घालताच ‘अहाहा, किती मऊ’ वाटणारा फोम, माझ्या मते, दुकानापुरताच असतो. अंगठ्याने दाबल्यावर तो तळापर्यंत दबला, तर अख्ख्या शरीराच्या वजनाखाली त्याचं काय होणार? आधार म्हणजे दाबल्यावर परत ढकलणारा उंचवटा, आणि तो पायाच्या कमानीखालीच आला पाहिजे. मागेपुढे आला तर नुसता टोचतो. टाच किंचित खोलगट जागेत बसावी. शिवाय दोन्ही टोकं धरून चपल वाकवून बघा. ती बोटांपाशी वाकली तर ठीक, मधोमध घडी पडली तर परत ठेवा. मागून उघडी आणि सैल चपल असेल तर ती पायात टिकवायला बोटं सतत आवळावी लागतात, म्हणून रुंद पट्टा आणि शक्यतो तो कमी-जास्त करता येणारा. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर अंगठ्याची चपल टाळा, पट्टा घासून झालेली जखम कळतही नाही. अॅक्युप्रेशरच्या टोचऱ्या चपलाही त्यांच्यासाठी नकोत.

खरी ओढाताण धुण्यापाशी येते. एका साच्यातून काढलेली ईव्हीए फोमची चपल नळाखाली धरली की स्वच्छ, पण फोमचाच तळ वापरून झिजला की गुळगुळीत होतो. कॉर्कच्या चपलेला आधार उत्तम, पण ती पाण्यात बुडवता येत नाही. आतून कापडी अस्तर असेल तर पावसाळ्यात वाळता वाळत नाही, कुबट वास येतो. आम्ही शेवटी वर ईव्हीए आणि खाली वेगळा रबरी तळ चिकटवलेली, आतला सोल काढता येणारी जोडी घेतली. सोल वेगळा धुऊन उभा करून ठेवला की लवकर वाळतो.

धुताना साधं पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. खाचांमधली धूळ, केस आणि तेलकट चिकटा काढणं हे मुख्य काम, कारण भरलेल्या खाचांतून पाणी निघत नाही. साबण मात्र पूर्ण निघाला पाहिजे. गरम पाणी आणि गॅलरीतलं दुपारचं ऊन दोन्ही टाळा, ईव्हीए आकसतं आणि मग चपल एक नंबर लहान झाल्यासारखी वाटते. चिकटवलेला तळही उष्णतेने सुटतो. टाचेखालच्या खाचा बोटाला लागेनाशा झाल्या की वरून चपल कितीही नवी दिसू दे, बदला. आणि बाथरूमची जोडी वेगळीच ठेवा, तीच ओली चपल घेऊन हॉलमध्ये येऊ नका.

सासूबाईंची एकच तक्रार आहे, जुन्या स्लीपरपेक्षा ही जड लागते. ते खरंच आहे, रबरी तळाला वजन असतंच.