खसखस पिकली

ऑफर लेटरमधला पगाराचा आकडा माणूस दहा वेळा वाचतो. पण मागच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नेमणूक वैद्यकीय तपासणीत पात्र ठरल्यासच पक्की, असं ती सांगते. ही ओळ वाचून पोटात गोळा येतो तो निर्व्यसनी माणसाच्याच. व्यसनी माणसाला आपलं काय निघणार ते ठाऊक असतं. निर्व्यसनी कोल्हापूरकराच्या पोटात मात्र पांढरा रस्सा असतो, आणि रस्श्यात खसखस.

यात थट्टा नाही. पांढऱ्या रस्श्याच्या वाटणात काजू, तीळ, खोबऱ्याबरोबर खसखस पडते, आणि खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. बियात मॉर्फिन जवळपास नसतंच. पण बोंडाचा चीक काढणीच्या वेळी बियांवर लागतो आणि वाळून तिथेच बसतो. धुऊन, भाजून तो बराच कमी होतो, सगळा जातोच असं नाही. शिवाय किती राहिला ते त्या पुडीवर अवलंबून. वाटीभर रस्सा खाऊन नशा येत नाही, झोप येते. ती तर कोल्हापुरात सगळ्यांनाच येते. लघवीत मात्र मॉर्फिनचा अंश एक-दोन दिवस सापडू शकतो.

आता हे एचआरच्या मॅडमना विचारायचं कसं? “मॅडम, ड्रग टेस्ट असते का हो?” एवढं एक वाक्य फोनवर बोलला की पलीकडे शांतता पसरते. त्या शांततेत तुमच्या नावापुढे पेन्सिलीने खूण होते असं मला तरी वाटतं. म्हणून एकटा प्रश्न विचारूच नये, घोळक्यात घुसवावा. ऑफर हातात आल्यावर एकच मेल करायचा: तपासणी कोणत्या लॅबमध्ये आहे, उपाशीपोटी यायचं का, यादीत काय काय आहे, ड्रग स्क्रीनिंग असल्यास कोणत्या वर्गांची, चालू औषधांची चिठ्ठी कुणाला दाखवायची, आणि निकाल कंपनीकडे कोणत्या स्वरूपात जातो. उपाशीपोटाच्या शेजारी बसलेला प्रश्न कुणाला खटकत नाही. मुलाखतीच्या वेळी मात्र तोंड उघडू नये, तेव्हा अजून ऑफरच नसते.

मॅडमचं उत्तर साधारण ठरलेलं: “काळजी करू नका, नॉर्मल मेडिकल आहे.” हे उत्तर नव्हे, समजूत आहे. बिचाऱ्या खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच ठाऊक नसतं. यादी लॅबकडे असते, म्हणून “लॅबला विचारून यादी पाठवाल का?” एवढं नम्रपणे जोडावं.

समजा, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला एक पोरगा चाकणच्या कंपनीत निघालाय. तपासणी सोमवारी सकाळी 9 वाजता. रविवारी दुपारी मामांनी निरोपाचं मटण घातलं, पोरानं रस्सा तीन वाट्या ओढला. सोमवारी लॅबमधला मुलगा नमुन्यात कार्ड बुडवतो. या कार्डाचा स्वभाव उलटा असतो. रेघ उमटली, अगदी फिकी उमटली तरी, निगेटिव्ह. उमटलीच नाही तर पॉझिटिव्ह. गरोदरपणाच्या किटवर ज्यांची नजर तयार झालीय, त्यांनी लांबून बघून हरखून जाऊ नये.

अफूवर्गाची रेघ उमटली नाही. आता खरा मुद्दा येतो, कार्डाची मर्यादा किती, म्हणजे किती मॉर्फिन असलं की ते पॉझिटिव्ह म्हणतं? बऱ्याच कार्डांची मर्यादा एका मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम असते. अमेरिकेत सरकारी नियमांच्या तपासणीत ती पूर्वी 300 होती. 1998 साली ती 2000 केली, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे खसखस. म्हणजे आमच्या मामांचा रस्सा 300 ला सापडेल आणि 2000 ला सुटून जाईल, असं होऊ शकतं. म्हणून मॅडमना पुढचा प्रश्न: कार्ड पॉझिटिव्ह आलं तर दुसऱ्या पद्धतीनं खात्री करता का?

ही खात्री मास स्पेक्ट्रोमेट्रीनं, म्हणजे रेणूंच्या वजनावरून द्रव्य ओळखणाऱ्या यंत्रानं, होते. ती फसवी पॉझिटिव्ह उडवून लावते. लेव्होफ्लॉक्सासिनसारखं साधं अँटिबायोटिकही कार्डाला अफू वाटू शकतं, तिथे हे यंत्र खरं बोलतं. पण खसखशीच्या बाबतीत त्याचा फार उपयोग नाही, कारण रस्श्यातलं मॉर्फिन हे खरंच मॉर्फिन असतं. यंत्र “आहे” म्हणतं आणि ते बरोबरच म्हणतं. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचंही तसंच, कोडीनचं अंगात मॉर्फिन होतं. तिथे आकडा बघणारा, चिठ्ठी तपासणारा, काय खाल्लं ते विचारणारा डॉक्टर लागतो. हेरॉइनची खूण असलेलं 6-एसिटिलमॉर्फिन नावाचं द्रव्य खसखशीतून येत नाही, एवढं तो डॉक्टर जाणतो. एचआरला ते कळणं शक्य नाही. तेव्हा “पॉझिटिव्ह आल्यास डॉक्टर उमेदवाराशी बोलतात का?” हा तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा.

काही शहाणे रस्सा धुऊन काढायला सकाळी तीन लिटर पाणी पितात. लघवी इतकी पातळ होते की तिचा घट्टपणा सांगणारं क्रिएटिनिन एका डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली जातं आणि नमुना “पातळ” म्हणून परत बोलावणं येतं. मग खसखस खाणारा राहतो बाजूला, लपवाछपवी करणारा म्हणून नाव होतं. त्यापेक्षा तीन दिवस आधीपासून खसखस बंद, औषधांची चिठ्ठी खिशात, आणि बाटली आपल्यासमोर सीलबंद होताना सीलवर सही. भांगेचं सोपं आहे. शिवरात्रीची थंडाई प्यायली तर तपासणी “पण ती भांग होती, गांजा नव्हे” हे ऐकून घेत नाही. दोन्हीचं लघवीतलं द्रव्य एकच.

निकाल कंपनीला कोणत्या स्वरूपात जातो? नीट चालणाऱ्या ठिकाणी डॉक्टर चारांपैकी एक शेरा देतो: फिट, अटींसह फिट, तूर्त अनफिट, अनफिट. तुमची साखर किती, हे एचआरला लागत नाही. रंग ओळखण्यात गडबड असेल तर क्रेनवर किंवा वायरिंगवर नको, पण हिशेबाच्या टेबलाला काय हरकत? तेच “अटींसह”. एक गोष्ट मात्र यादीत दिसली की थांबून विचारायची: एचआयव्ही. नोकरीची अट म्हणून ती चाचणी करायला 2017 च्या कायद्यानं मनाई आहे.

राजीनामा मात्र शेरा लेखी हातात आल्यावरच. फाउंड्रीत दोन महिन्यांची नोटीस देऊन मग तपासणीला गेलेल्या पोराची ना इकडची नोकरी राहते, ना तिकडची लागते, आणि गल्लीत खसखस पिकते ती वेगळीच.

तर त्या पोरानं मेल केला. मॅडमनी यादी पाठवली, डॉक्टरांचा फोन आला, नव्या नमुन्यासाठी शुक्रवार ठरला. तोवर घरात पांढरा बंद. “मग तांबडा तरी घेशील?” आईनं विचारलं.

“त्याच्या मसाल्यात खसखस असते का गं?”

“चिमूटभर,” आई म्हणाली, “तेवढ्यानं काय होतंय!”