‘सीतेने आंबा खाल्ला’ हे कर्मवाच्य आहे का?

‘मराठीत भूतकाळी क्रियापद कर्माप्रमाणे चालते, कर्त्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. म्हणजे हा इंग्रजीतला पॅसिव्हच झाला, कर्ता गौण आणि कर्म मुख्य. सगळ्या सकर्मक क्रियापदांना हाच नियम लागतो.’ असे म्हणणे कितपत खरे आहे ते पाहू.

आधी कर्ता गौण होण्याविषयी. ‘गणेशने आपली वही शोधून दप्तरात ठेवली’ हे वाक्य घेऊ. ‘ठेवली’ हे रूप वहीमुळे स्त्रीलिंगी झाले आहे, वहीच्या जागी पुस्तक आले तर ते ‘ठेवले’ होईल. पण ‘आपली’ म्हणजे कोणाची, आणि ‘शोधून’ ही क्रिया कोणाची, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर गणेश हेच आहे. क्रियापदाचे रूप बदलण्याचे काम कर्माकडे गेले असले, तरी वाक्याचा धनी गणेशच राहतो. खरे कर्मवाच्य ‘गणेशकडून वही दप्तरात ठेवली गेली’ असे होते. त्यातला ‘गणेशकडून’ काढून टाकला तरी ‘वही दप्तरात ठेवली गेली’ हे वाक्य पूर्ण वाटते. नुसते ‘वही दप्तरात ठेवली’ म्हटले, आणि कर्ता आधीच्या बोलण्यातून कळत नसला, तर ऐकणारा ‘कोणी?’ असे विचारतो. आपल्या परंपरागत व्याकरणात ‘गणेशने वही ठेवली’ या रचनेला ‘प्रधानकर्तृक कर्मणी’ असे नाव आहे, आणि ते मला अतिशय नेमके वाटते.

कर्त्याशी संबंध उरत नाही, हेही खरे नाही. ‘तू वही ठेवलीस’ यात ‘ली’ वहीची आहे, पण शेवटचा ‘स’ तूचा आहे. ‘तू डबा ठेवलास’ यात वहीची खूण गेली, तरी ‘स’ जागचा हलला नाही. एकाच रूपावर कर्माची आणि कर्त्याची अशा दोघांच्या खुणा आहेत.

राहिला सगळ्या सकर्मक क्रियापदांचा प्रश्न. कर्माला ‘ला’ लागले की प्रमाण मराठीत क्रियापद कर्मालाही सोडते. ‘आईने मुलीला उठवले’ यात आई आणि मुलगी दोघी स्त्रीलिंगी असूनही क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी राहते आणि भावे प्रयोग होतो. शिवाय शिकणे, विसरणे, नेसणे यांसारखी क्रियापदे कर्म असूनही कर्त्याप्रमाणेच चालतात, म्हणूनच आपण ‘तो धोतर नेसला’, ‘ती धडा शिकली’ असे म्हणतो.

मराठी नव्याने शिकणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते, कारण ‘मी’ला ‘ने’ लागत नाही आणि त्यामुळे दोन्ही गट वरून सारखेच दिसतात. मुलगा ‘मी वही आणली’ म्हणतो ते बरोबर आहे, पण त्याच चालीवर तो ‘मी वही विसरली’ म्हणून जातो. अशा वेळी ‘मी’च्या जागी एखादे नाव घालून पाहावे. ‘ओंकारने वही आणली’ यात ‘ने’ आले, म्हणून क्रियापद वहीकडे गेले. ‘ओंकार वही विसरला’ यात ‘ने’ आले नाही, म्हणून ते ओंकारकडे राहिले, आणि मुलाने ‘मी वही विसरलो’ असेच म्हणायला हवे.